नामाच्या अलीकडे, नामाच्या पलीकडे

अकरावीतल्या एका मुलीने फ्रेंचच्या तासाला आपल्या घराचं वर्णन लिहून आणलं. सदाशिव पेठेतला वाडा, वरच्या मजल्यावरची तिची खोली, खिडकीतून दिसणारं झाड. पहिलंच वाक्य होतं, 'जाबीत दाँ यून आँस्येन मेझों.' तिला म्हणायचं होतं, 'मी एका जुन्या घरात राहते.' पण फ्रेंच वाचकाच्या मनात आधी येईल तो अर्थ वेगळा: 'मी एका माजी घरात राहते', म्हणजे पूर्वी जे घर होतं आणि आता घर राहिलेलं नाही, अशा वास्तूत. तिचे शब्द बरोबर होते, लिंग बरोबर होतं, स्पेलिंगही बरोबर होतं. चुकली होती ती जागा. मेझों म्हणजे घर आणि आँस्येन म्हणजे जुनं. हे 'जुनं' तिने घराच्या आधी ठेवलं होतं. नंतर ठेवलं असतं, 'यून मेझों आँस्येन', तर तिचा वाडा जुनाच राहिला असता.

मी पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवते आहे. मराठी मुलांना विशेषणाचं लिंग-वचन फारसं जड जात नाही. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे ग्राँचं स्त्रीलिंगी रूप ग्राँद होतं याचं त्यांना नवल वाटत नाही. इंग्रजीतून फ्रेंचकडे येणाऱ्याला इथे घाम फुटतो, आपल्याला नाही. आपलं अडतं ते जागेशी. लाल साडी, गोल टेबल, जुना मित्र, पुणेरी जोडा. गद्यात मराठी विशेषण नामाच्या पुढे उभं राहतं आणि तिथून सहसा हलत नाही. फ्रेंचमध्ये मात्र त्याला दोन जागा आहेत आणि कुठली घ्यायची यावर कधी कधी अख्खा अर्थ ठरतो. (इथले फ्रेंच शब्द मी देवनागरीत जमतील तेवढे जवळचे लिहिते आहे. नेमका उच्चार कानानेच घ्यावा लागतो.)

मूळ नियम सोपा आहे. फ्रेंच विशेषण साधारणपणे नामाच्या नंतर येतं. रंग, आकृती, देश, धर्म, आणि क्रियापदापासून बनलेली विशेषणं तर नंतरच. यून रॉब रूज म्हणजे लाल झगा, शब्दशः 'एक झगा लाल'. यून ताब्ल रोंद म्हणजे गोल टेबल. या विशेषणांचं काम निवडणं हे आहे. झगे पुष्कळ आहेत, त्यांतला लाल. टेबलं अनेक आहेत, त्यांतलं गोल. फ्रेंच माणूस आधी वस्तू समोर ठेवतो आणि मग तिला बाकीच्यांपासून वेगळं काढतो.

मोजकीच, पण रोजच्या वापरातली विशेषणं मात्र नामाच्या आधी येतात. बो म्हणजे सुंदर, जॉली म्हणजे छान दिसणारं, बों म्हणजे चांगलं, मोव्हे म्हणजे वाईट, ग्राँ मोठं, प्ती छोटं, ग्रो जाडजूड, जॅन तरुण, व्यो जुनं किंवा म्हातारं, नुवो नवं. वर्गात आम्ही ती रूप, वय, गुण आणि आकार अशा चार खणांत बसवून पाठ करून घेतो. हे खण उपयोगी आहेत, पण त्यांवर पूर्ण विसंबणं धोक्याचं आहे. ग्राँ आकाराच्या खणात आहे आणि आधी येतं, म्हणून रोंद हीदेखील आकृतीच, तीही आधी येईल, असं मुलांना वाटतं. आमच्या मुलीने 'यून रोंद ताब्ल' लिहिलं होतं ते यामुळेच. छोटं-मोठं ही आपली मोजणी असते आणि ती बघणाऱ्यागणिक बदलते. गोल हा वस्तूचा गुण असतो, त्यावर कुणाचं दुमत होत नाही. पुढे उभी राहणारी बहुतेक विशेषणं बोलणाऱ्याचा कौल सांगतात, मागे राहणारी वस्तूची ओळख सांगतात. म्हणूनच दोन्ही प्रकारची विशेषणं एकत्र आली की नाम त्यांच्या मधोमध बसतं: यून बेल रॉब रूज, सुंदर लाल झगा. कौल पुढे, ओळख मागे.

आता आँस्येनकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथून सुरू होते. मराठीत 'आमचं जुनं घर' या शब्दांत दोन अर्थ दडलेले असतात. घर शंभर वर्षांचं आहे, किंवा आम्ही पूर्वी तिथे राहत होतो. दुसऱ्या अर्थी ते घर दहा वर्षांपूर्वी बांधलेला फ्लॅटही असू शकतं. कुठला अर्थ घ्यायचा हे आपल्याला बोलण्याच्या ओघात कळतं. फ्रेंच हे दोन अर्थ जागेने वेगळे करते. नॉत्र आँस्येन मेझों म्हणजे आमचं पूर्वीचं घर. यून मेझों आँस्येन म्हणजे पुरातन घर. तसंच अँनाँस्यें एलेव म्हणजे माजी विद्यार्थी: माणूस तोच आहे, त्याचं विद्यार्थीपण संपलं आहे.

या शेवटच्या वाक्यात या सगळ्या शब्दांची किल्ली आहे असं मला वाटतं. नामाच्या आधी आलेलं विशेषण बहुधा नामाच्या अर्थाला चिकटतं. नंतर आलेलं विशेषण त्या नामाने दाखवलेल्या माणसाला किंवा वस्तूला लागतं. अँ व्येयामी म्हणजे जुना मित्र. इथे मैत्री जुनी आहे, मित्र सोळा वर्षांचाही असेल. अँनामी व्यो म्हटलं तर मित्र वयाने म्हातारा, ओळख कदाचित कालचीच. अँ ग्रो फ्यूमॅर म्हणजे भरपूर सिगारेटी ओढणारा: इथे ओढणं मोठं आहे, माणूस काडीसारखा असला तरी चालेल. अँ फ्यूमॅर ग्रो म्हणजे धूम्रपान करणारा जाडा माणूस. ही एक गोष्ट समजली की यादीतले निम्मे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

आमच्या मुलीने शेजारच्या वाड्यातल्या बालमित्राबद्दल 'मोंनामी व्यो' असं लिहिलं होतं. मी तिला विचारलं, "किती वर्षांचा आहे हा?" "सतरा, मादाम." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने स्वतःच तो शब्द बाणाने उचलून पुढे नेला.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ग्राँचं आहे आणि ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. अँ ग्राँतोम म्हणजे थोर माणूस, अँनोम ग्राँ म्हणजे उंच माणूस. नेपोलियनची उंची सुमारे १६८ सेंटिमीटर होती, म्हणजे तो ग्राँतोम खरा, पण ओम ग्राँ नव्हता. शार्ल द गोल १९० सेंटिमीटरहून उंच होते, त्यांना दोन्ही लागू पडतं. पॅरिसच्या पाँतेओं या स्मारकाच्या दर्शनी भागावर कोरलेलं आहे, 'ओ ग्राँझोम, ला पात्री रकोनेसाँत', म्हणजे थोरांना, कृतज्ञ मातृभूमीकडून. या एका ओळीत दोन्ही जागा दिसतात. ग्राँ हे ओमच्या आधी आलं आहे, कारण इथे थोरवी सांगायची आहे. रकोनेसाँत, म्हणजे कृतज्ञ, हे क्रियापदापासून बनलेलं विशेषण असल्यामुळे पात्रीच्या नंतर आलं आहे. मराठी वाचकाला यात परकं वाटू नये. आपणही 'मोठा माणूस' म्हणतो तेव्हा उंची मोजत नसतो. फरक इतकाच की उंचीसाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे आणि फ्रेंच तेच काम शब्दाची जागा बदलून करते.

पण पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि मुलं त्या उदाहरणाचा नियम करून टाकतात, हे मला खटकतं. 'थोर' हा अर्थ माणसांपुरता आहे. यून ग्राँद मेझों म्हणजे नुसतं मोठं घर, त्यात थोरवी नाही. स्त्रीबद्दल यून ग्राँद फाम म्हटलं तर पुष्कळदा उंच बाई एवढंच अभिप्रेत असतं. आणि पुरुषाच्या वर्णनातही मागे दुसरं शारीरिक विशेषण आलं की पुढचं ग्राँ पुन्हा उंचीकडे झुकतं: अँ ग्राँतोम ब्रँ म्हणजे काळ्या केसांचा उंच माणूस. वर्णनाच्या परीक्षेत एखाद्याला उंच म्हणायचं असेल तर सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे नामच टाळणं: इले ग्राँ, तो उंच आहे.

आणि हाच 'आहे' एका चांगल्या कसोटीला उपयोगी पडतो. अर्थ बदलणाऱ्या विशेषणांपैकी एखादं वापरायचं असेल तर आधी ते 'आहे' लावून म्हणून पाहावं. 'संगणक महाग आहे': लॉर्दिनातॅर ए शेर. चालतं, आणि महाग हाच अर्थ येतो. म्हणजे महाग म्हणायचं असेल तेव्हा शेर नामाच्या नंतर जाईल. आमच्या मुलीने 'मों शेरॉर्दिनातॅर' लिहून आपल्या महागड्या संगणकाला 'माझा लाडका संगणक' करून टाकलं होतं. पत्राच्या मायन्यातला 'प्रिय' तो हाच आधी येणारा शेर. पोव्रचंही तसंच. 'ती बाई गरीब आहे' हे म्हणता येतं, तेव्हा पैशाने गरीब ती यून फाम पोव्र. बिचारी म्हणायचं असेल तर पोव्र पुढे येतं, ला पोव्र फाम, मग ती लक्षाधीश का असेना. उलट माजी विद्यार्थ्याबद्दल 'हा विद्यार्थी आँस्यें आहे' असं म्हणून पाहिलं तर 'माजी' हा अर्थ निघतच नाही. जो अर्थ 'आहे'बरोबर टिकत नाही, तो नामाच्या आधी राहतो. ही कसोटी फक्त दुहेरी अर्थाच्या शब्दांसाठी आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. बो किंवा प्ती 'आहे'बरोबर खुशाल चालतात आणि तरी नामाच्या आधीच येतात.

प्रॉप्र हा शब्द घराच्या वर्णनात हमखास दगा देतो. मा प्रॉप्र शाँब्र म्हणजे माझी स्वतःची खोली. मा शाँब्र प्रॉप्र म्हणजे माझी स्वच्छ खोली. तिला भावंडांपासून वेगळी अशी स्वतःची खोली मिळाली होती आणि त्याचा तिला अभिमान होता, पण लिहिताना शब्द मागे गेला आणि अभिमान स्वच्छतेचा झाला. वाक्य व्याकरणात बसत होतं, म्हणून तिला चूक जाणवलीही नाही. 'रोंद ताब्ल' लिहिलं तर वाचणारा अडखळतो आणि चूक उघडी पडते. प्रॉप्रची चूक गुपचूप वेगळंच काही सांगून जाते, आणि परीक्षकालाही कळत नाही की मुलीला दुसरंच काही म्हणायचं होतं.

तसाच देर्न्येर. ला स्मेन देर्न्येर म्हणजे गेला आठवडा. ला देर्न्येर स्मेन म्हणजे शेवटचा आठवडा, सुट्टीचा किंवा वर्षाचा. तिने लिहिलं होतं, 'शेवटच्या आठवड्यात मी नवी खुर्ची घेतली.' घेतली होती गेल्या आठवड्यात. इथेही शब्द मागे न्यावा लागला.

त्या खुर्चीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. तिने 'यून शेझ नॅव' लिहिलं होतं. फ्रेंचमध्ये 'नवं' यासाठी दोन शब्द आहेत. नॅफ (स्त्रीलिंगी नॅव) म्हणजे कोरं करकरीत, कुणीच न वापरलेलं, आणि ते कायम नामाच्या नंतर येतं. नुवो (स्त्रीलिंगी नुवेल) सहसा आधी येतं आणि त्याचा अर्थ आहे, आधी होतं त्याच्या जागी आलेलं. मी विचारलं, खुर्ची कुठून आणली? ती म्हणाली, बाबांनी जुन्या बाजारातून आणली. म्हणजे ती नॅव असूच शकत नव्हती. ती होती यून नुवेल शेझ: तिच्यासाठी नवी, पण कुणाची तरी वापरलेली. 'आम्ही नवी गाडी घेतली' असं आपण सेकंडहँड गाडीबद्दलही म्हणतो, आणि फ्रेंच माणूसही म्हणतो, पण नुवेल वापरून. पॅरिसमध्ये सेन नदीवर पों नॅफ नावाचा पूल आहे, 'कोरा पूल'. त्याचं बांधकाम १५७८ मध्ये सुरू झालं आणि १६०७ मध्ये पुरं झालं. शहरात आज उभ्या असलेल्या पुलांपैकी तो सर्वांत जुना आहे, पण नाव बदललं नाही आणि विशेषणाची जागाही नाही.

गावांच्या नावांत तर दोन्ही जागांचा जुना इतिहास साठून राहिला आहे. 'नवा किल्ला' या अर्थाचं नाव दक्षिणेत शातोनॅफ असं आढळतं, वाइनसाठी प्रसिद्ध असलेलं शातोनॅफ-द्यु-पाप हे त्यांतलंच. ईशान्येच्या व्होज भागात तेच नाव नॅफशातो असं उलटं होतं, आणि वायव्येला नॉर्मंडीत नॅफशातेल. उत्तरेकडे विशेषण आधी येण्याचा संबंध अभ्यासक तिथल्या जुन्या जर्मानिक भाषांच्या प्रभावाशी लावतात. जुन्या फ्रेंचमध्ये रंगही नामाच्या आधी येऊ शकत. लाल गळ्याच्या एका छोट्या पक्ष्याला आजही रूज-गॉर्ज म्हणतात, म्हणजे 'लाल-गळा', रंग आधी. आज कुणी नव्याने असा शब्द घडवणार नाही, पण जुना मोडलाही नाही.

जागा बदलली की उच्चार आणि रूपही बदलतं, आणि वर्णनाच्या परीक्षेत गुण जातात ते पुष्कळदा इथे. खिडकीसमोरच्या झाडाबद्दल मुलीने 'अँ बो आर्ब्र' लिहिलं. बो आणि आर्ब्र हे दोन स्वर एकमेकांवर आदळतात आणि फ्रेंच कानाला ते सोसत नाही. स्वराने किंवा मूक 'एच'ने सुरू होणाऱ्या पुल्लिंगी एकवचनी नामाच्या आधी बोचं बेल होतं, नुवोचं नुवेल आणि व्योचं व्येय: अँ बेलार्ब्र, सुंदर झाड. वर आलेला व्येयामी हा त्यातलाच. ग्राँतोममध्ये मधे आलेला 'त' हाही त्याच सोयीचा, एरवी ग्राँच्या शेवटी लिहिलेलं अक्षर उच्चारलं जात नाही. विशेषण मागे असलं की ही भानगड बहुतेक वेळा उरत नाही.

दुसरी गोष्ट अनेकवचनाची. 'काही फुलं' म्हणजे दे फ्लॅर. लाल फुलं म्हणजे दे फ्लॅर रूज. पण विशेषण पुढे आलं की 'दे'चं 'द' होतं: द बेल फ्लॅर, सुंदर फुलं. बोलण्यात फ्रेंच लोक इथे सर्रास 'दे' म्हणतात, आणि टीव्हीवर ते ऐकून आलेली मुलं माझ्याशी वाद घालतात. लिहिताना 'द' लिहावं, असंच मी सांगते. मात्र विशेषण आणि नाम मिळून एकच शब्द झाला असेल तर 'दे' राहतं: दे प्ती प्वा म्हणजे मटार. ते 'छोटे वाटाणे' राहिलेले नाहीत, त्यांचं ते नावच झालं आहे.

सुरेख, प्रचंड, चविष्ट अशा भावना ओतणाऱ्या विशेषणांना मात्र मोकळीक आहे. यून व्ह्यु मान्यिफीक, यून मान्यिफीक व्ह्यु, दोन्ही म्हणजे भव्य देखावा. पुढे आणलं तर आवाज चढतो एवढंच. नवशिक्याने ते मागे ठेवावं, चुकत नाही.

त्या दिवशी तास संपेपर्यंत मुलीच्या वर्णनात एकही नवा शब्द आला नाही. काही शब्द बाणांनी इकडून तिकडे गेले, बोचं बेल झालं, नॅवच्या जागी नुवेल आलं. मग तिने ते मोठ्याने वाचलं. मी एका पुरातन घरात राहते, यून मेझों आँस्येन. मला माझी स्वतःची खोली आहे, मा प्रॉप्र शाँब्र. तिथे एक गोल टेबल आहे, यून ताब्ल रोंद, आणि एक महाग संगणक, अँनॉर्दिनातॅर शेर. गेल्या आठवड्यात, ला स्मेन देर्न्येर, बाबांनी नवी खुर्ची आणली, यून नुवेल शेझ. खिडकीसमोर सुंदर झाड आहे, अँ बेलार्ब्र. शेजारी माझा जुना मित्र राहतो, मों व्येयामी.

फ्रेंच शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. 'विशेषण योग्य जागी लिहा' असा रिकाम्या जागांचा प्रश्न आपण वर्षानुवर्षं देतो आणि मुलं यादी आठवून तो सोडवतात. त्याऐवजी आँस्येन मेझों आणि मेझों आँस्येन शेजारी शेजारी लिहून द्या, आणि दोन्हींचा अर्थ मराठीत विचारा.